जरा थांबायला सांगा

'विनोद : स्वरूप आणि प्रकार' हा घटक शिकवताना उपरोधापाशी आलो की मी वर्गात एक छायाप्रत फिरवतो. अबू अब्राहम यांचे ते गाजलेले व्यंगचित्र. 10 डिसेंबर 1975 रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये ते छापून आले. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद स्नानाच्या टबात बसले आहेत. दार अर्धवट उघडे आहे, त्यातून एक हात आत आला आहे. सही केलेला कागद आणि लेखणी त्या हातात परत देता देता राष्ट्रपती म्हणताहेत : अजून काही वटहुकूम असतील, तर त्यांना जरा थांबायला सांगा.

यंदा चित्र पाहून वर्ग हसला. एक विद्यार्थिनी मात्र हसली नाही. तास संपल्यावर ती छायाप्रत घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "सर, म्हातारा माणूस आंघोळ करतोय, यात हसण्यासारखं काय आहे? आणि ते चुकीचं काय बोलले? आंघोळ होईपर्यंत थांबा, असंच म्हणाले ना?"

राजकीय विनोदाशी तिचा यापूर्वी फारसा संबंध आलेला नव्हता. शि. द. फडणीसांची दिवाळी अंकांवरची चित्रे तिला ठाऊक होती, आवडतही होती. तेव्हा तिच्या प्रश्नात अरसिकता नव्हती, अपरिचय होता. फडणीसांच्या हास्यचित्राला शब्द लागत नाहीत आणि तारीखही लागत नाही. चित्रातली विसंगती चित्रातच पुरी होते, ती साठ वर्षांनीही तशीच कळते. राजकीय व्यंगचित्राचे तसे नसते. त्याचा अर्धा भाग कागदावर असतो आणि उरलेला त्या दिवशीच्या वाचकाच्या डोक्यात. तो वाचक निघून गेला की चित्राचा हा अर्धा भागही निघून जातो. आपण शिक्षक मंडळी उरलेला अर्धा भाग वर्गात दाखवतो आणि मुले हसली की उपरोध समजला असे धरून चालतो. मुले हसतात ती टबाला. टब हा या चित्रातला सर्वांत वरचा, सर्वांत पातळ थर आहे.

तिला समजावताना पहिली अडचण आली ती आमच्याच व्याख्येची. उपरोध म्हणजे बोलायचे एक आणि सुचवायचे त्याच्या उलट, असे आम्ही शिकवतो. स्तुतीच्या मिषाने निंदा करणाऱ्या व्याजस्तुतीचे उदाहरण देतो आणि पुढे जातो. या व्याख्येने हे चित्र उघडत नाही. राष्ट्रपती जे बोलतात ते त्यांना अगदी तसेच म्हणायचे आहे. त्यांच्या वाक्यात मिष नाही, वक्रता नाही, टोमणा नाही. विद्यार्थिनीचे म्हणणे खरेच होते, वाक्य साधे आहे. उपरोध आहे तो बोलणाऱ्याला काय दिसते आणि वाचकाला काय दिसते यांतल्या अंतरात. नाटकात एखाद्या पात्राला ठाऊक नसलेले प्रेक्षकांना ठाऊक असते आणि त्यामुळे त्या पात्राच्या निरागस वाक्याला दुसराच अर्थ चिकटतो, तशी ही रचना आहे. येथे बोलणारा निरागस आणि वाचक जाणता आहे. मग प्रश्न असा की, डिसेंबर 1975 मधल्या त्या जाणत्या वाचकाला नेमके काय ठाऊक होते?

येथे मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. कितीतरी वर्षे मी हे चित्र 'राष्ट्रपती आणीबाणीच्या हुकुमावर सही करताना' असे सांगून शिकवत आलो. अनेक ठिकाणी त्याची ओळख तशीच करून दिली जाते. विद्यार्थिनीने सहज विचारले, "सर, आणीबाणी तर जूनमध्ये लागली ना? मग चित्र डिसेंबरमधलं कसं?" मी गप्प झालो. तिने तारीख वाचली होती, मी चित्रच पाहत राहिलो होतो.

आणीबाणी जाहीर झाली ती 25 जून 1975 च्या रात्री, राज्यघटनेच्या अनुच्छेद 352 खाली. तिचे नाव उद्घोषणा. चित्रातला शब्द मात्र 'वटहुकूम' आहे, आणि वटहुकूम अनुच्छेद 123 खाली निघतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रात आणीबाणीची सही पाहणारा वाचक एक जुनी, एकदाच घडलेली घटना पाहतो. वटहुकूम पाहणाऱ्याला एक सवय दिसते. 'अजून काही असतील तर' हे शब्द सवयीचे आहेत. एक कागद येऊन गेला, त्याआधीही काही येऊन गेले असणार, पुढेही येतील. चित्र एका सहीविषयी नाही, सह्यांच्या रांगेविषयी आहे.

ही रांग काल्पनिकही नव्हती. चित्र छापून येण्याच्या दोनच दिवस आधी, 8 डिसेंबर 1975 रोजी, एका दिवसात तीन वटहुकूम निघाले होते आणि तिन्हींचा रोख वृत्तपत्रांवर होता. पहिल्याने 'आक्षेपार्ह मजकुरा'च्या प्रकाशनाला प्रतिबंध केला. दुसऱ्याने प्रेस कौन्सिल मोडीत काढली. तिसऱ्याने संसदेतील कामकाजाचा खरा वृत्तान्त छापणाऱ्या वृत्तपत्रांना 1956 च्या कायद्याने दिलेले संरक्षण काढून घेतले. हा 1956 चा कायदा फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक मांडून करून घेतला होता. तो रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे होते. त्या आठवड्यात पेपर उघडणाऱ्याला 'वटहुकूम' हा शब्द मोघम वाटला नसेल. ज्या कागदावर चित्र छापले होते, त्या कागदावरच ते वटहुकूम निघाले होते.

एवढे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग ते थांबा म्हणतात, हे चांगलंच नाही का?" माझ्या मते हा प्रश्न या चित्राच्या अगदी गाभ्याशी पोचतो. त्यासाठी अनुच्छेद 123 काय म्हणतो ते थोडे पाहावे लागते.

कायदे करणे हे संसदेचे काम. पण दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू नसेल आणि ताबडतोब काही करणे आवश्यक ठरावे अशी परिस्थिती असल्याची राष्ट्रपतींची खात्री पटली, तर त्यांना वटहुकूम काढता येतो. पुढे संसद भरली की तो तिच्यापुढे ठेवावा लागतो, आणि तिने मान्यता दिली नाही तर भरल्यापासून सहा आठवड्यांनी तो संपतो. म्हणजे या अधिकाराचे दोन खांब आहेत : निकड आणि खात्री. आता चित्रातले वाक्य पुन्हा वाचावे. आंघोळ आटोपेपर्यंत थांबू शकतो तो वटहुकूम कसला निकडीचा? आणि आंघोळ करता करता ज्यावर सही होते, त्याविषयी खात्री पटली ती केव्हा? 'जरा थांबायला सांगा' या तीन साध्या शब्दांनी निकडीचा खांब पाडला, आणि टबाने खात्रीचा. तेव्हा टब केवळ हसवण्यासाठी आलेला नाही. विचार करण्याची जागा नव्हे ती ही जागा, एवढे दाखवायला तो आला आहे. राष्ट्रपतींच्या हाती कागद आहे, पण टबात बसून कोणी कागद वाचत नाही, भिजू नये म्हणून लवकर परत देतो.

खात्रीचा हा मुद्दा त्या वर्षी आणखी टोकदार झाला होता. ऑगस्ट 1975 मध्ये 38 वी घटनादुरुस्ती झाली. वटहुकुमाच्या बाबतीत राष्ट्रपतींची खात्री अंतिम समजावी आणि कोणत्याही न्यायालयात तिच्याविषयी प्रश्न काढता येऊ नये, असे तिने ठरवून टाकले. न्यायाधीशांनाही ज्या खात्रीकडे बोट दाखवता येत नव्हते, ती खात्री कशी पटते हे व्यंगचित्रकाराने दार किलकिले करून दाखवले. टबातला माणूस उघडा आहे हे आपल्याला दिसते, पण खरे उघडे पडले आहे ते घटनेतले एक कलम.

आता तिच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. थांबा म्हणणे चांगलेच असते, थांबण्याचे कारण विचार हे असेल तर. येथे कारण साबण आहे. 'हे मला पटलेले नाही', 'मंत्रिमंडळाने पाहिले आहे का', 'संसद भरेपर्यंत धीर धरता येणार नाही का' असे काही विचारायला या माणसाला जागा होती. तो थांबा म्हणतो खरा, पण आंघोळीसाठी. त्याच्याजवळ उरलेले सगळे स्वातंत्र्य एवढेच आहे : सही करायची की नाही हे नव्हे, ओल्या हाताने करायची की कोरड्या. या वाक्यावर हसू येते आणि लगेच थोडी कीवही येते. दोन्ही बरोबर येतात म्हणूनच मी याला उपहास म्हणत नाही, उपरोध म्हणतो. उपहास करणारा आपल्या लक्ष्याच्या वर उभा असतो. येथे चित्रकार बाथरूमच्या आत, त्या माणसाच्याच पातळीवर आहे.

मराठीत हे वाक्य आणले की आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली 'त्यांना' या शब्दाची. थांबायला सांगायचे कोणाला, वटहुकुमांना की ते घेऊन येणाऱ्यांना? मूळ इंग्रजी वाक्यातही ही संदिग्धता आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी 'वटहुकुमांना' असे समजून वाचले होते. त्या वाचनात वटहुकूम म्हणजे दिवाणखान्यात ताटकळत बसलेले पाहुणेच होतात, आणि तेही वाचन चालते. पण माणसे असे वाचले की प्रश्न उभा राहतो : कोण ती माणसे? दारातून हात येतो, चेहरा येत नाही. हा हात सेवकाचा किंवा कारकुनाचा असेल. त्या हातामागे जे कोणी आहे ते चित्रात नाही. पंतप्रधान इंदिरा गांधी या चित्रात कोठेही काढलेल्या नाहीत, आणि त्यांना वगळून हे चित्र वाचताच येत नाही. जिचे नाव घ्यायचे नाही तिला रेखाटायचेही नाही, फक्त दार अर्धे उघडे ठेवायचे, ही या चित्रातली मला सर्वांत मोठी कारागिरी वाटते.

दुसरी गोष्ट खुद्द 'वटहुकूम' या शब्दाची. त्यात हुकूम आहे. कागदावर तो राष्ट्रपतींचा हुकूम म्हणून निघतो. चित्रात मात्र हुकूम दाराबाहेरून आत येतो आणि सही होऊन बाहेर जातो. आत बसलेला माणूस हुकूम देत नाही, पोच देतो. मूळ इंग्रजी शब्दात हे इतके स्पष्ट नाही, आपल्या शब्दात आहे. अनुवादात विनोद हरवतो असे आपण नेहमी म्हणतो, येथे तो थोडा वाढला.

येथवर आल्यावर विद्यार्थिनीने मला अडवले. "पण सर, राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला मानावाच लागतो, असं आम्ही नागरिकशास्त्रात शिकलोय. मग त्यांच्यावर हसणं अन्यायाचं नाही का?" आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चित्राचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात स्पष्ट केले होते. तेव्हा राष्ट्रपतींनी सही नाकारायला हवी होती, असा चित्राचा अर्थ घेतला तर चित्र घटनेच्या कसोटीवर लंगडे पडते. पण चित्र तसे म्हणतच नाही. नाकारले नाही हा त्याचा आरोप नाही. विचारले नाही, हा आहे. सल्ला मानणे आणि न वाचता सही करणे यांच्यामध्ये बरीच जागा असते, आणि ती जागा राष्ट्रपतींनी रिकामी ठेवली. 25 जूनच्या रात्री त्यांनी उद्घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेलीही नव्हती. ती झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. 'मंत्रिमंडळाने पाहिले आहे का' हा साधा प्रश्न त्या रात्री घटनेच्या चौकटीत पुरेपूर बसत होता. डिसेंबरच्या वाचकाला जूनची ती रात्र आठवत होती. चित्र तिचे नाही, पण तिची सावली चित्रावर आहे. माझ्या जुन्या चुकीत एवढे तथ्य होते.

पुढे 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने सल्ला बंधनकारक असल्याचे घटनेतच लिहिले गेले, आणि 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा मिळाली. 38 व्या दुरुस्तीतले ते 'अंतिम खात्री'चे कलमही 44 व्या दुरुस्तीने वगळले. व्यंगचित्राने हे घडवून आणले असे मी म्हणत नाही. टबातून उच्चारलेल्या 'जरा थांबा'ला तीन वर्षांनी घटनेत एक शहाणे रूप मिळाले, एवढे मात्र दिसते.

आणखी एक थर चित्राच्या बाहेर आहे. चित्र काढणारे अबू अब्राहम त्या वेळी राज्यसभेचे सदस्य होते, 1972 ते 1978 या काळातले राष्ट्रपतिनियुक्त सदस्य. म्हणजे ज्या संसदेला डावलून वटहुकूम निघत होते, त्या संसदेत ते स्वतः बसत होते, आणि ज्या पदाने त्यांना तेथे नेमले त्याच पदावरची व्यक्ती त्यांनी टबात बसवली. नेमणूक झाली तेव्हा राष्ट्रपती दुसरे होते, पण पद तेच. हे वाचकाला ठाऊक असेल तर 'थांबायला सांगा' म्हणणाऱ्याइतकेच थांबवून ठेवलेल्यांकडेही लक्ष जाते. थांबवून ठेवलेली होती ती संसद, आणि चित्रकार तिच्यातलाच एक. दुसऱ्याकडे बोट दाखवताना स्वतःला सुरक्षित अंतरावर न ठेवणे हे उपरोधाचे लक्षण आम्ही पुस्तकातून शिकवतो. येथे ते चित्रकाराच्या परिस्थितीतच होते.

आणि हे सगळे अभ्यवेक्षणाच्या काळात छापून आले. ते कसे सुटले, याचे एक उत्तर आमच्या विद्यार्थिनीनेच पहिल्या मिनिटाला देऊन ठेवले होते : "ते चुकीचं काय बोलले?" शब्दशः वाचणाऱ्याला त्यात बोट ठेवण्याजोगे काहीच नाही. राष्ट्रपती कामात आहेत, आंघोळ करतानाही सही करतात, कर्तव्यतत्पर आहेत, असेसुद्धा वाचता येते. पण यावरून उपरोधाला कोणीच अडवू शकत नाही, असा भाबडा निष्कर्ष काढू नये. अबूंची दुसरी काही चित्रे त्या काळात अडवली गेली. आणीबाणी उठल्यावर 1977 मध्ये त्यांचा 'द गेम्स ऑफ इमर्जन्सी' हा संग्रह निघाला. शिवाय 8 डिसेंबरच्या वटहुकुमाच्या जागी फेब्रुवारी 1976 मध्ये जो कायदा आला, त्यात आक्षेपार्ह मजकुराच्या व्याख्येत शब्दांबरोबर चित्रेही होती आणि राष्ट्रपतींची बदनामीही होती. म्हणजे चित्राला हसणे वर्तमानपत्राला स्वस्त पडेल, याची हमी कोणालाच नव्हती.

या सगळ्याला आम्हाला दोन दुपारी लागल्या. एका चित्रासाठी एवढा वेळ जास्त झाला का? अभ्यासक्रमाच्या हिशेबात झाला. पण माझे मत आता असे झाले आहे की, उपरोध शिकवताना आपण व्याख्येपासून सुरुवात करतो, ती चूक आहे. सुरुवात तारखेपासून करावी. चित्र वर्तमानपत्रातून कापून वर्गात आणताना आपण नेमकी तीच कापून टाकतो. मग बोलणाऱ्याच्या तोंडचा एकेक शब्द घेऊन विचारावे : हा शब्द त्या दिवशी आणखी कोठे छापला गेला होता? 'वटहुकूम' हा शब्द दोन दिवसांपूर्वीच्या बातमीत सापडतो, 'थांबा'चे उत्तर अनुच्छेद 123 मध्ये मिळते, आणि 'त्यांना'चे उत्तर कोठेही छापलेले सापडत नाही, कारण ते छापण्याची सोय नव्हती. अर्थ लागला की नाही हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. विद्यार्थी टबाला हसत असेल तर अजून लागलेला नाही. 'जरा' या शब्दापाशी तो अडखळला, तर लागला.

दुसऱ्या दुपारी जाता जाता ती पुन्हा चित्राकडे पाहत होती. या वेळी हसली, पण थोडेसेच. मग म्हणाली, "सर, त्या दाराला आतून कडी का नाही?"

इतकी वर्षे ते चित्र शिकवतो आहे. हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.